२५, ४५ की ६५ वॉट? एकाच फोनवर मीटर लावून मोजलेले तीन चार्जर

ताईच्या नव्या फोनच्या माहितीत "४५ वॉट फास्ट चार्जिंग" लिहिलेलं होतं, पण खोक्यात चार्जर नव्हता. घरात दोन चार्जर आधीच होते: जुन्या फोनचा २५ वॉटचा आणि लॅपटॉपचा ६५ वॉटचा. आता ४५ वॉटचा वेगळा घ्यायचा की आहे त्यात भागेल, हा तिचा प्रश्न होता. मी ४५ वॉटचा एक चार्जर आणला आणि टाइप-सी मीटर लावून तिन्ही मोजले.

मोजण्याची पद्धत साधी ठेवली. चार्जरमध्ये मीटर, मीटरमध्ये केबल, केबलला फोन. प्रत्येक वेळी बॅटरी ५ टक्क्यांवर आणायची, फोन फ्लाइट मोडवर टाकून स्क्रीन बंद ठेवायची, कव्हर काढायचं आणि मीटरचा आकडा शून्य करून सुरुवात करायची. एका दिवशी एकच चार्जर, तोही सकाळीच, म्हणजे खोलीचं तापमान साधारण सारखं राहतं. बॅटरी ५००० mAh ची. तक्त्यातलं पीपीएस म्हणजे फोनला हवा तेवढा व्होल्टेज मागून घेऊ देणारी चार्जरमधली सोय.

| चार्जर | सर्वाधिक वॉट | अर्ध्या तासाने बॅटरी | ५ ते १०० टक्के |
|---|---|---|---|
| २५ वॉट, पीपीएस असलेला | २३ | ५६ टक्के | ७६ मिनिटं |
| ४५ वॉट, पीपीएस असलेला | ४० | ७१ टक्के | ६४ मिनिटं |
| ६५ वॉट, पीपीएस नसलेला | १५ | ३८ टक्के | १०३ मिनिटं |

सगळ्यात मोठा आकडा लिहिलेला चार्जर सगळ्यात हळू निघाला. पण तो खराब नाही. लॅपटॉपला तो पूर्ण ताकदीने चालतो. फरक आहे तो फोन आणि चार्जर यांच्यात होणाऱ्या बोलणीचा. पीडी ही टाइप-सीवरून जलद चार्जिंगची सर्वसामान्य पद्धत. साधा पीडी चार्जर ५, ९, १५, २० असे ठरलेलेच व्होल्टेज देऊ शकतो. फोनच्या बॅटरीला लागतात ४ व्होल्टच्या आसपास. ९ व्होल्ट घेऊन ते फोनच्या आत उतरवायचे तर तिथे उष्णता तयार होते, म्हणून असा चार्जर लावला की हा फोन स्वतःच हात आखडता घेतो. मीटरवर ९ व्होल्ट आणि १.६५ अँपिअर दिसत राहिले, म्हणजे जेमतेम १५ वॉट.

पीपीएस असेल तर फोन चार्जरकडे अगदी २० मिलिव्होल्टच्या पायरीने हवा तेवढा व्होल्टेज मागतो. तो बॅटरीच्या साधारण दुप्पट मागतो आणि आत फक्त निम्मा करतो. यात उष्णता कमी होते, त्यामुळे जास्त वॉट घेता येतात. मीटरवर हे डोळ्यांनी दिसतं: बॅटरी भरत जाते तसा व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर न थांबता हळूहळू सरकत राहतो. व्होल्टेज ९ वर खिळून बसला, तर पीपीएस चालू नाही असं समजायला हरकत नाही.

आता २५ आणि ४५ मधला फरक. ४५ चा चार्जर ४० वॉटच्या आसपास गेला खरा (९.७ व्होल्ट, ४.१ अँपिअर), पण फक्त पहिली आठ मिनिटं. पुढची बारा मिनिटं तो ३० वर होता, विसाव्या मिनिटानंतर २१ वर, आणि शेवटचा अर्धा तास सरासरी १० च्या आसपास. खोक्यावरचा आकडा हा त्या पहिल्या आठ मिनिटांचा आहे. २५ वॉटचा चार्जर मात्र चौतीस मिनिटं २३ वर टिकला. त्यामुळे पूर्ण भरताना दोघांत बारा मिनिटांचंच अंतर पडलं. रात्री फोन लावून झोपणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. पण अर्ध्या तासानंतर ५६ आणि ७१ टक्के हा फरक मोठा आहे. ताई सकाळी आंघोळ-डबा आटपेपर्यंत फोन लावते आणि निघते, म्हणून तिच्यासाठी ४५ चाच योग्य ठरला. माझ्याकडे तोच फोन असता तर मी २५ वरच राहिलो असतो.

पहिल्या दिवशी मात्र ४५ च्या चार्जरने मला चकवलं होतं. मीटर २४ वॉटच्या पुढे जाईना. मी चार्जरला दोष देऊन मोकळा होणार होतो, पण गडबड केबलची होती. घरातली जुनी टाइप-सी केबल ३ अँपिअरची. ३ अँपिअरच्या वर जायचं तर केबलमध्ये ई-मार्कर नावाची छोटी चिप लागते, आणि ती सापडली नाही तर चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. "५ अँपिअर" असं स्पष्ट लिहिलेली केबल लावल्यावर त्याच चार्जरने ४० दाखवले. चार्जर घेताना केबलचेही पैसे धरायला हवेत ते यासाठी.

हीच अडचण मीटरमुळेही येऊ शकते. चार्जर, केबल आणि फोन यांची बोलणी टाइप-सीच्या सीसी नावाच्या तारांवरून होते, आणि काही स्वस्त मीटर त्या दोन्ही तारा पुढे नेत नाहीत. मग केबलची चिप चार्जरला दिसतच नाही आणि आकडा खोटा कमी येतो. ओळखायचं कसं? मीटर न लावता फोन जोडा आणि स्क्रीनवर फास्ट चार्जिंगचा कोणता संदेश येतो ते पाहा. मीटर लावल्यावर तो संदेश बदलला, तर दोष मीटरचा. कधीकधी मीटर उलटा फिरवून लावल्यानेही काम होतं.

आणखी एक आकडा लोकांना घाबरवतो. पूर्ण चार्जनंतर मीटरवर सुमारे २२०० mAh दिसतात आणि "५००० ची बॅटरी म्हणून फसवलं" असं वाटतं. पण ते mAh ९–१० व्होल्टवरचे आहेत, बॅटरीचे ३.८७ व्होल्टवरचे. तुलना करायची ती Wh ची, म्हणजे एकूण ऊर्जेची. ५००० mAh गुणिले ३.८७ व्होल्ट म्हणजे सुमारे १९.४ Wh. मला ९५ टक्के भरायला २१.४ Wh लागले, म्हणजे पूर्ण बॅटरीला साधारण २२.५. वरचे ३ Wh केबलमध्ये आणि फोनच्या आत उष्णता होऊन गेले. एवढी तूट नेहमीचीच आहे, बॅटरी आकाराला खरी आहे.

दुकानात चार्जर हातात घेतल्यावर वॉटचा मोठा आकडा सोडून खालची बारीक अक्षरं वाचा. या प्रकारच्या फोनसाठी "PPS" ची ओळ हवी, तीत 3.3-11V असावं आणि ४५ चा वेग हवा असेल तर पुढे ४ अँपिअरच्या वर. ती ओळच नसेल, तर ६५ काय नि १०० काय, या फोनला १५ वॉटच मिळतील.

मीटर कोणता घ्यावा? वॉट दाखवणारी केबल मिळते, ती स्वस्त आहे, पण ती क्षणाचा आकडा सांगते. Wh ची बेरीज करत नाही. चार्जर पीपीएस देतो का, हेही तिच्यावरून थेट कळत नाही. दोन चार्जरांत निवड करायची असेल तर Wh मोजणारा, ५ अँपिअर झेलणारा आणि चार्जर कोणकोणते व्होल्टेज देतो त्याची पीडी यादी दाखवणारा टाइप-सी मीटर घ्या. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर या कामाचा नाही, कारण चार्जरच्या आत वाया गेलेली वीजही तो त्यातच धरतो.

६७, ८० किंवा १२० वॉटचे दावे करणाऱ्या काही फोनना कंपनीचाच चार्जर आणि कंपनीचीच केबल लागते. त्यांची बोलणी पीडीपेक्षा वेगळी असते आणि प्रवाह ६ अँपिअरच्याही पुढे जाऊ शकतो. ५ अँपिअरचा मीटर तिथे मध्ये घालू नये. अशा फोनचा दावा तपासायला घड्याळ आणि बॅटरीचे टक्के दर पाच मिनिटांनी कागदावर टिपणं, हाच भरवशाचा मार्ग आहे.