√x ची शून्यापाशी लिमिट: ‘नाही’ लिहायचं की 0?

बारावीत डाव्या-उजव्या लिमिट पाठ करून आलेला मुलगा म्हणतो, x→0 होताना √x ला लिमिट नाही, कारण डावीकडे फंक्शनच नाही. बी.एस्सी.ला रिअल ॲनालिसिस शिकवणारे त्याच प्रश्नाचं उत्तर 0 देतात. हिशोबात दोघंही चुकलेले नाहीत, त्यांच्या व्याख्याच वेगळ्या आहेत.

पहिल्या व्याख्येत फंक्शन बिंदूच्या दोन्ही बाजूंना असावं लागतं आणि दोन्हीकडून एकच उत्तर यावं लागतं. पहिल्या वर्षाला ती सोयीची पडते. |x|/x घ्या: डावीकडून −1, उजवीकडून 1, म्हणून लिमिट नाही, दोन ओळींत काम संपतं. मात्र √x पाशी ती अडखळते. हे फंक्शन [0, ∞) वर संतत आहे असं म्हणण्यासाठी टोकापुरता ‘इथे फक्त उजवी बाजू पाहा’ असा वेगळा नियम जोडावा लागतो.

दुसरी व्याख्या x फक्त डोमेनमधूनच घेते. कोणी ε = 0.01 दिला, तर मी δ = 0.0001 घेईन, म्हणजे ε चा वर्ग. मग 0 < x < 0.0001 असेल तर √x < 0.01 होतंच. x = 0.000064 घातलं की 0.008 मिळतं. ऋण x डोमेनमध्येच नाहीत, त्यामुळे त्यांची तपासणी करायचा प्रश्नच येत नाही. लिमिट 0, आणि √0 सुद्धा 0, म्हणून सांतत्य आपोआप मिळतं. मला स्वतःला हीच पटते.

पण तिचा अर्थ ‘नकोशी बाजू सोडून द्या’ असा नाही, आणि नेमकी इथेच मुलं घसरतात. |x|/x डावीकडेही आहे, तेव्हा तिथे −1 मोजावाच लागतो. लिमिट नाही हे उत्तर याही व्याख्येने तेच राहतं. दुसरी अट अशी, की डोमेनमधले बिंदू त्या जागेच्या हवे तितके जवळ असले पाहिजेत. √(x²(x−1)) चं डोमेन म्हणजे एकटा 0 आणि पुढे [1, ∞). शून्याजवळ दुसरं कोणीच नाही, त्यामुळे तिथे लिमिट विचारण्यातच अर्थ नाही. (आणि तरीही ॲनालिसिसच्या व्याख्येने ते फंक्शन 0 पाशी संतत ठरतं. पहिल्यांदा ऐकलं की कोणीही भुवया उंचावतो.)

पेपर लिहायचा असेल तर आपल्या पुस्तकातली व्याख्या उघडून पाहा. ‘a भोवतीच्या खुल्या अंतरालात, कदाचित a सोडून, f दिलेलं आहे’ असं असेल, तर √x साठी x→0 हा प्रश्न त्या व्याख्येत बसतच नाही. अशा वेळी x→0⁺ लिहून उत्तर 0 द्या. ‘x ∈ D’ असं असेल तर x→0 लिहूनही 0 बरोबर. पुस्तक हाताशी नसेल तर x→0⁺ लिहा, ते दोन्हीकडे चालतं. फक्त ‘लिमिट आहे का?’ असं विचारलं असेल, तर कोणती व्याख्या धरली ते एका ओळीत सांगून मगच उत्तर लिहा.