आठ महिन्यांनंतर: ७.१ बंद, हेडसेट चालू

यूएसबी वायरचा, साधारण साडेतीनशे ग्रॅमचा हेडसेट. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘७.१ सराउंड’. आठ महिने रोज तीन-चार तास वापर, बहुतेक व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमसाठी. आवाज स्वच्छ आहे. पण ७.१ पाहून तो घेऊ नका.

७.१ म्हणजे भोवती सात स्पीकर आणि एक बासचा. यात ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे खरे स्पीकर, दोनच, एका कानाला एक. बाकीचे ‘स्पीकर’ सॉफ्टवेअर भासवतं. डावं-उजवं आपल्याला दोन कानांतल्या वेळेच्या आणि तीव्रतेच्या फरकावरून कळतं. पुढचं-मागचं मात्र बाहेरच्या कानाच्या घडीत आवाजाचा पोत कसा बदलतो त्यावरून. सॉफ्टवेअर हा बदल सरासरी कानाच्या मापाने करतं, म्हणून एकाला झकास वाटणारं सराउंड दुसऱ्याला डब्यात बोलल्यासारखं वाटतं.

खरा घोळ पुढे आहे. व्हॅलोरंट हेच काम स्वतः करतो, आणि त्याला शत्रूची नेमकी जागा माहीत असते. त्याच्यावर हेडसेटचं ७.१ चढवलं की एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते. पावलं घुमतात, पुढची-मागची गल्लत होते. म्हणून गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये HRTF, म्हणजे गेमची ही स्वतःची सोय, चालू ठेवा, हेडसेटच्या ॲपमधलं ७.१ बंद करा आणि विंडोजमध्ये Spatial sound ला Off द्या. मग कस्टम मॅचमध्ये मित्राला भोवती पळायला सांगा, डोळे मिटा आणि तो पुढे आहे की मागे ते दहादा ओळखा. ७.१ लावून पुन्हा तेच करा. फरक लगेच कळतो. ज्या गेममध्ये अशी सोय नाही आणि ५.१ किंवा ७.१ आवाज बाहेर येतो, तिथे मात्र हेडसेटचं सराउंड कामाला येतं.

माइक बोलण्यापुरता चांगला, स्ट्रीमिंगला नाही. तोंडासमोर ठेवला तर ‘प’, ‘फ’ला फट्‌ फट्‌ वाजतो, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला घेतला की थांबतं. पंख्याचा आवाज येत असेल तर माइकचा गेन कमी करून माइक जवळ आणा, उलटं करू नका. वायरलेस घेणार असाल तर ब्लूटूथवर भरवसा नको: माइक चालू होताच बहुतेक हेडसेटांचा आवाज जुन्या फोनसारखा बसका होतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या डाँगलवाला घ्या.

आता कान. दुकानात पाच मिनिटं घालून काही कळत नाही, डोक्याचा माथा तासाभराने बोलायला लागतो. चष्मा असेल तर काडी कुशनखाली फट पाडते. कानशील दुखतं ते वेगळंच, शिवाय बास गळतो. पकड घट्ट असेल तर डोक्यापेक्षा जरा रुंद अशा पुस्तकांच्या चळतीवर रात्रभर चढवून ठेवा, पण पट्टी प्लॅस्टिकची असेल तर नको, तडा जाईल. रेक्झिनच्या कुशनांचे पावसाळ्यात पोपडे निघाले, काळे कण कानाला चिकटायला लागले. कापडी कुशनं गार राहतात, फक्त बास थोडा उतरतो. विकत घेण्याआधी कुशन ओढून निघतं का आणि त्याच मापाचं सुटं मिळतं का, हे पाहून ठेवा.