पीएच मीटरवर अॅसिटिक आम्लाचा Ka: काही महिने वापरल्यानंतर

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत अॅसिटिक आम्लाचा विचरण स्थिरांक Ka आम्ही गेले काही महिने विरलीकरणाच्या मालिकेवर काढतोय. 0.1 M द्रावणाचे 10 मिली घेऊन फ्लास्कमध्ये 100 मिली करायचे, त्यातून पुढचे, असे 0.0001 M पर्यंत. प्रत्येकाचा पीएच घ्यायचा आणि Ka = h²/(c − h) मध्ये घालायचा. इथे c म्हणजे द्रावणाची संहती आणि h म्हणजे 10 चा −pH घात. पद्धत मला आवडली. स्वस्त आहे, आणि उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते मालिकाच सांगते.

25 अंशांना साधारण 2.88, 3.39, 3.91 आणि 4.47 अशी वाचनं यायला हवीत. चारही ठिकाणी Ka 1.75 × 10⁻⁵ च्या आसपास निघतो. पण मुलं छेदातला h सोडून देतात. 0.1 M ला त्याने काही बिघडत नाही. 0.001 M ला मात्र उत्तर 1.5 वर येतं आणि 0.0001 M ला 1.2 च्याही खाली. विरल होत जाताना Ka घसरताना दिसला की मी आधी वहीतला छेद बघतो.

छेद बरोबर असूनही शेवटचा आकडा पडला, तर दोष बहुधा इलेक्ट्रोड धुण्यात असतो. सगळे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला नावं ठेवतात, पण 4.47 पीएचला त्याचा वाटा नगण्य. खरा चोर म्हणजे इलेक्ट्रोडला चिकटून आलेला बफर. 6.86 च्या फॉस्फेट बफरचा एक थेंब, म्हणजे 0.05 मिली, 50 मिलीच्या बीकरमध्ये गेला तर 0.0001 M चा पीएच 4.47 वरून 4.68 च्या आसपास चढतो आणि Ka जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तोच थेंब 0.1 M मध्ये पडला तर मीटरला पत्ताही लागत नाही. म्हणून आम्ही इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्याने आणि मग त्याच द्रावणाच्या थोड्या भागाने धुतो, आणि ताज्या भागावर वाचन पुन्हा घेतो. दोन वाचनं जुळली नाहीत तर थेंब आला होता असं समजायचं.

तक्रार एकच, आणि ती मीटरबद्दल. पीएच 0.02 ने चुकला की Ka सुमारे 10 टक्क्यांनी चुकतो, कारण h चा वर्ग होतो. त्यामुळे दोन दशांशांपुढे आकडे लिहिणाऱ्यांना मी परत पाठवतो. शेवटच्या विरलीकरणात तर आकडा स्थिरावायलाच वेळ लागतो. आयन इतके कमी की इलेक्ट्रोड सुस्त होतो. सरासरी मी पहिल्या तीन द्रावणांचीच काढायला सांगतो, चौथं फक्त धुणं नीट झालं का ते बघायला.