नॅट गेटवे की स्वतःचा नॅट सर्व्हर? आधी एस३चा मार्ग तपासा

खाजगी सबनेटमधल्या सर्व्हरपर्यंत बाहेरून कोणी पोचू नये, पण त्याला स्वतःला मात्र अपडेट उतरवता यावेत, बाहेरच्या एपीआयशी बोलता यावं, यासाठी नॅट लागतं. एडब्ल्यूएसवर त्याचे दोन मुख्य पर्याय आहेत: तयार नॅट गेटवे घ्यायचा, नाहीतर छोट्या ईसी२ मशीनवर आपणच नॅट चालवायचं.

नॅट गेटवेला `us-east-1` मध्ये तासाला ०.०४५ डॉलर पडतात आणि त्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीमागे आणखी ०.०४५ डॉलर. महिना ७३० तासांचा धरला, तर एक बाइटही न जाता ३२.८५ डॉलर होतात. लोक फसतात ते जीबीच्या दरात, कारण तो दोन्ही दिशांना लागतो. इंटरनेटवरून आत येणारा डेटा एरवी फुकट असतो, पण गेटवेतून आला की त्याचे प्रोसेसिंगचे पैसे लागतातच. बाहेर जाणाऱ्या डेटाचं नेहमीचं ट्रान्सफर शुल्क वेगळंच. ते दोन्ही पर्यायांत सारखं असल्यामुळे पुढच्या हिशेबात धरलेलं नाही.

समजा, दोन अव्हेलेबिलिटी झोन आहेत, प्रत्येकात एक गेटवे आहे आणि महिन्याला एकूण ३,००० जीबी डेटा त्यांतून जातो. त्यातला २,००० जीबी त्याच रीजनमधल्या एस३चा आहे, म्हणजे बॅकअप, लॉग वगैरे. तासांचे ६५.७० डॉलर, डेटाचे १३५ आणि दोन सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यांचे ७.३० (फेब्रुवारी २०२४पासून त्यांनाही तासाला ०.००५ डॉलर पडतात) मिळून २०८ डॉलर झाले.

गेटवे काढून टाकायचा विचार करण्याआधी एस३चा गेटवे एंडपॉइंट लावा. त्याला ना तासाचं भाडं, ना जीबीचं. तो रूट टेबलमध्ये एस३च्या पत्त्यांची यादी टाकतो आणि ती `0.0.0.0/0` पेक्षा नेमकी असल्यामुळे ट्रॅफिक तिकडे वळतो. वरच्या उदाहरणात ९० डॉलर वाचतात आणि बिल ११८ वर येतं. ईसीआरच्या कंटेनर इमेजचे लेयरसुद्धा एस३मधूनच येतात, म्हणून कंटेनर वापरणाऱ्यांचा फायदा अनेकदा अंदाजापेक्षा मोठा निघतो.

हा बदल गर्दीच्या वेळी मात्र करू नका, कारण रूट बदलताना एस३शी चालू असलेली कनेक्शन तुटतात. बकेट पॉलिसीत गेटवेचा सार्वजनिक आयपी `aws:SourceIp` म्हणून लिहिलेला असेल, तर एंडपॉइंटवरून येणारी विनंती नाकारली जाते. तिथे `aws:SourceVpce` लागतं. आणि एंडपॉइंट खाजगी सबनेटच्या रूट टेबलला जोडायचा राहिला, तर सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं, फक्त बिल तेवढंच राहतं. कॉस्ट एक्सप्लोररमध्ये `NatGateway-Bytes` खाली आलं का, ते पाहिलं की कळतं.

आता उरलेल्या १,००० जीबीसाठी स्वतःचा नॅट सर्व्हर. दोन `t4g.nano` मशीन, त्यांच्या छोट्या डिस्क आणि आयपी मिळून महिन्याला साधारण १५ डॉलर, आणि प्रोसेसिंगचा आकार शून्य. म्हणजे ११८ विरुद्ध १५. मांडणीही किचकट नाही (इंटरफेसचं नाव आपल्या मशीनवर पाहून घ्या):

```
sysctl -w net.ipv4.ip_forward=1
iptables -t nat -A POSTROUTING -o ens5 -j MASQUERADE
```

याशिवाय त्या मशीनची `source/destination check` बंद करावी लागते. ती चालू राहिली तर कुठलीही एरर दिसत नाही. पॅकेट गुपचूप टाकून दिली जातात आणि कनेक्शन टाइमआउट होतं. वरच्या दोन्ही कमांडच्या सेटिंग रीबूटनंतर टिकतील अशी सोय करा. एवढं केलं तरी ते मशीन रात्री बंद पडलं तर रूट दुसरीकडे वळवणं, कर्नलचे पॅच लावणं, सगळं आपल्या गळ्यात. शिवाय `t4g.nano` थोडा वेळ जोरात धावतं, पण सतत टिकणारा वेग फारच कमी. रोज मोठे डाउनलोड असतील तर ते दमतं. नॅट गेटवे ५ जीबीपीएसपासून १०० जीबीपीएसपर्यंत आपोआप वाढतो.

दोन झोनसाठी एकच गेटवे ठेवणं हाही पर्याय आहे. एका गेटवेचे आणि आयपीचे ३६.५० डॉलर वाचतात. पण दुसऱ्या झोनचा ५०० जीबी आता झोन ओलांडतो आणि दोन्ही बाजूंचा धरून जीबीमागे ०.०२ डॉलर, म्हणजे १० डॉलर जातात. फायदा आहेच, पण गेटवेचा झोन पडला की दोन्हीकडचं बाहेर जाणं थांबतं. टेस्टिंगला मी बिनधास्त असं ठेवीन, प्रॉडक्शनला नाही.

प्रॉडक्शनसाठी माझी निवड एंडपॉइंट आणि दोन गेटवे अशी. दोन मशीनची रखवाली करायला माणसाचे महिन्याला दोन-तीन तास गेले, तर १०३ डॉलरची बचत सहज खाल्ली जाते. एंडपॉइंट लावूनही इंटरनेटचा खरा डेटा महिन्याला कित्येक हजार जीबी असेल आणि टीममध्ये लिनक्स नेटवर्किंग जाणणारं कोणी असेल, तर मात्र मोठ्या मशीनवरचं स्वतःचं नॅट परवडतं: १०,००० जीबीला गेटवेचं नुसतं प्रोसेसिंगच ४५० डॉलर होतं.