"मी ठीक आहे": खरा शांतपणा की गिळलेलं दुखणं?

मागच्या वर्षी पंधरा दिवसांच्या अंतराने माझ्या नवऱ्याने मला तेच तीन शब्द, तशाच सपाट आवाजात ऐकवले: "मी ठीक आहे." पहिल्या वेळी तो खरंच ठीक होता, आणि मी तासभर त्याच्या मागे लागून शेवटी त्याला चिडायला लावलं. दुसऱ्या वेळी तो दुखावला होता, आणि आधीची चूक नको म्हणून मी त्याला एकटं सोडलं. दोन्ही वेळा माझा अंदाज चुकला. तुमच्या घरीही आज असंच उत्तर आलं असेल आणि विचारावं की सोडून द्यावं हे ठरत नसेल, तर या दोन संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिली संध्याकाळ मार्चअखेरची. तो हिशेबाच्या खात्यात आहे, त्यामुळे त्या आठवड्यात रोज लोकलमध्ये उभा राहून रात्री उशिरा घरी येत होता. दुसरी संध्याकाळ रविवारची. दुपारी दादा-वहिनी जेवायला आले होते. ताटावर बोलता बोलता मी सांगून टाकलं, "याचं प्रमोशन यंदाही गेलं बरं का," आणि हसले. तोही थोडा हसला. पाहुणे गेल्यावर मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मी ठीक आहे."

चेहऱ्यावरून ओळखता येईल असं मला वाटायचं. या कामात चेहरा फार भरवशाचा नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी 1993 साली छापलेल्या एका प्रयोगात लोकांना किळस येईल अशी फिल्म दाखवली आणि काहींना सांगितलं, मनातलं बाहेर दिसू देऊ नका. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव खरंच कमी झाले. किळस मात्र कमी झाली नाही, आणि त्वचेवरच्या सूक्ष्म घामासारख्या शरीराच्या ताणाच्या खुणा उलट वाढल्या. म्हणजे दाबणाऱ्याचा चेहरा शांत दिसणारच, दाबणं म्हणतात ते त्यालाच. म्हणून मी आता चेहरा सोडून दुसऱ्या गोष्टींकडे बघते.

त्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही, की सपाट आवाज कोणासाठी आहे? मार्चमधल्या त्या रात्री तो सगळ्यांशीच सपाट होता. लेकीने चित्र दाखवलं तर "छान" एवढंच, आईचा फोन दोन मिनिटांत संपवला, टीव्हीकडेही नुसता बघत होता. थकवा आणि साधी शांतता माणसं निवडत नाहीत. रविवारी मात्र लेकीशी तो गोष्टीतल्या राक्षसाचा आवाज काढत होता, खालच्या काकांशी पार्किंगवरून मोठ्याने बोलत होता. माझ्याकडे वळला की आवाज बसायचा. एकाच माणसासाठी राखून ठेवलेला सपाटपणा बहुतेक वेळा दुखण्याचाच असतो, आणि तो माणूस आपणच असू तर उत्तर आपल्याच आसपास शोधावं लागतं.

दुसरी खूण आपल्या भाषेतच आहे. थकलेला असतानाही तो म्हणाला होता, "अगं ठीक आहे मी, झोपू दे ना." त्यातले 'अगं' आणि 'ना' तेव्हा माझ्या कानावरून गेले. रविवारच्या बोलण्यात असा एकही शब्द नव्हता. "जेवण झाकून ठेवलंय." "दूध तापवलंय." वाक्यातून मी गेले होते आणि तोही गेला होता, नुसती कामं उरली होती. वर सगळं जास्तच नीट: भांडी घासलेली, दार हळूच लावलेलं. काही घरांत भांडी आदळतात, आमच्याकडे आवाज होत नाहीत. म्हणून तुमच्या माणसाची रोजची बोली आधी माहीत हवी. मुळातच कमी बोलणाऱ्याचं "हं" म्हणजे फक्त "हं" असू शकतं.

तिसरी गोष्ट थोडी धाडसाची. शंकेचा विषय हळूच हाताला लागू द्यायचा आणि काय होतं ते बघायचं. मन निवांत असेल तर माणूस त्या विषयातून सहज चालत जातो, तक्रारही करतो, विनोदही करतो. मार्चमध्ये ऑफिसचा विषय निघाल्यावर त्याने साहेबांना यथेच्छ नावं ठेवली. रविवारी मी "दादा म्हणत होता, तुमच्या ऑफिसात..." एवढंच म्हणाले, तर "हो. बरं, उद्या गॅसवाला येणारे का?" विषय इतक्या सफाईने बाजूला सरकला, की तेव्हाच कळायला हवं होतं.

आपलं शरीरही थोडं सांगतं. 2003 साली एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी छापलेल्या अभ्यासात अनोळखी बायकांच्या जोड्यांना बोलायला बसवलं होतं. त्यातल्या काहींना, जोडीदारणीला न कळू देता, भावना दाबायला सांगितलं. समोरच्या बाईला यातलं काही ठाऊक नसूनही तिचा रक्तदाब वाढला. ते नवरा-बायको नव्हते, त्यामुळे फार ताणून अर्थ काढू नये. पण कारण न कळता घरात अवघडल्यासारखं वाटत असेल, तर तो सगळा आपल्या मनाचा खेळ आहे असं लगेच धरू नका.

मग काय करायचं? शांतता खरी वाटली तर एकदा विचारून विश्वास ठेवा. तेच तिसऱ्यांदा विचारलं की आपलीच काळजी त्याच्यावर टाकल्यासारखं होतं. दुखावलंय असं वाटलं तर "काय झालं, सांग ना" म्हणू नका, कारण मग सांगण्याचं कष्टाचं काम दुखावलेल्याच्याच गळ्यात पडतं. आपल्याला जे दिसलंय ते आपण म्हणावं. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं आहे, की नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की समोरच्याचं बोलणं माणसाच्या डोक्यात नीट शिरत नाही, आणि ती खाली यायला निदान 20 मिनिटं लागतात. म्हणून वाक्य बोलावं, पण उत्तर त्याच क्षणी मागू नये. अंदाज चुकला तर फार काही बिघडत नाही, "नाही गं, तसं काही नाही" एवढंच ऐकावं लागेल. म्हणून ठरत नसेल तेव्हा मी हाच मार्ग घेते.

दोन ठिकाणी ही तुलना लागू पडत नाही. सपाटपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, झोप आणि भूक बदलली, आवडीच्या गोष्टींतलंही मन गेलं, तर ते नैराश्य असू शकतं आणि डॉक्टरांकडे जायला हवं. टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. आणि खरं बोललं तर आरडाओरडा किंवा मार मिळेल म्हणून कोणी "मी ठीक आहे" म्हणत असेल, तर तिथे आधी ती भीती संपायला हवी.

रविवारची ती रात्र मी गप्प राहून घालवली. सोमवारी सकाळी चहा गाळताना म्हणाले, "काल दादासमोर मी तुझ्या प्रमोशनचं बोलायला नको होतं." तो काही बोलला नाही. मी डबा भरायला वळले. कपात बिस्किट बुडवून संपेपर्यंतचा वेळ गेला असेल, मग म्हणाला, "प्रमोशनचं काही नाही गं. ते सगळ्यांना कळणारच होतं. तू हसलीस ना, ते लागलं."