घरचं चीज: रेनेट की व्हिनेगर?

पनीर सगळ्यांनाच येतं, त्यामुळं व्हिनेगरची कृती सांगत बसत नाही. मी बेळगावात दोन वर्षं व्हिनेगरवरच काढली, दोन लिटर म्हशीच्या दुधाला उकळी यायच्या बेताला चार-पाच चमचे व्हिनेगर, अर्ध्या तासात काम खल्लास. चीज पण जरा जास्तच निघतंय, कारण तापवल्यामुळं निवळीतली प्रथिनं पण त्यातच अडकतात. पालकात, भुर्जीत घालायला मस्त.

पण पोरीला टोस्टवर चीज वितळलेलं पाहिजे. आणि इथंच माझं डोकं फिरायचं. तवा मंद ठेवा, वर झाकण घाला, काहीही करा, ते आपलं जसंच्या तसं बसून राहतंय, खालनं पाव करपला तरी वर पांढरे दाणे! चावला की दाणे निम्मे ताटात. पोरगी म्हणायची, "बाबा, ही भुर्जी आहे." खरंच होतं की. आंबटामुळं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, धरून ठेवणारं कॅल्शियम सुटून निघून जातं, मग ते कितीही तापवा, मऊ होऊन वाहत नाही.

रेनेट म्हणजे दूध गोठवणारं एन्झाइम, त्याचं वेगळं. दूध कोमट, साधारण ३२ अंश, जास्त नाही. मी दोन लिटर गार दुधात पाऊण चमचा सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून घालतो, मग कोमट करून रेनेट, आणि भांडं हलवायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी सुरी घालून बघायची, खरवसासारखी चीर स्वच्छ पडली आणि कडेला निवळी हिरवट दिसली की झालं. दुधाळ पांढरं पाणी सुटलं तर अजून थांबा. मग तुकडे करून निथळून गरम पाण्यात मळलं की ओढलं जातं. ॲसिड मात्र विसरू नका, नुसत्या रेनेटचं चीज दातात किचकिचतं, तापवल्यावर मऊ होतं पण तार काही येत नाही.

आता अडचण सांगतो. आमच्या आईला गवळ्याकडचं दूध आलं की आधी उकळायची सवय. उकळलेल्या दुधात रेनेट घातलं तर नुसती पातळ लापशी झाली, दोन लिटर वाया. टेट्रापॅकचं दूध पण तसंच. कच्चं वापरायला भीती वाटत असेल तर ६३ अंशावर अर्धा तास धरून गार करा, ते चालतंय. रेनेट पण नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात नको, उकळून गार केलेल्या पाण्यात घाला.

भाजीपुरतंच पाहिजे असेल तर उगाच रेनेटच्या मागं लागू नका, माझं तरी असंच मत. पण घरात टोस्टवाली पोरं असतील तर... आमच्याकडं व्हिनेगरची बाटली आता कांद्याच्या लोणच्यापुरतीच निघते. आईला तेवढं सांगावं लागतं, रविवारी अर्धं दूध न उकळता ठेव.