कंटेनर भरणीचं ॲप : सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये आमच्या पापडाचे 165 खोके कंटेनरबाहेर राहिले आणि त्याच रात्री मी या ॲपला एक तारा दिला. आज ते मत बदलतोय, पण एक तक्रार कायम आहे.

आधी ॲपचं श्रेय. खोका 40×30×25 सेंमी, 20 फुटी कंटेनर आतून साधारण 589 लांब, 235 रुंद, 239 उंच. पूर्वी आम्ही सरळ घनफळाला घनफळाने भागायचो. उत्तर 1,100 च्या वर यायचं आणि तेवढे खोके कधीच बसायचे नाहीत. एकाच दिशेने लावले तर थरात 98 बसतात, सगळे फिरवले तर 95. ॲपने दोन्ही एकत्र केलं: रुंदीत पाच ओळींना 40 ची बाजू आडवी, सहावीला 30 ची. रुंदीत 230 सेंमी भरले, 5 उरले. पाच ओळींत 19-19, सहावीत 14, म्हणजे थरात 109. नऊ थरांचे 981. नुसत्या 98 च्या हिशेबाने 882 झाले असते. ही मांडणी मला हाताने सुचली नसती.

भरणीच्या दिवशी सहावी ओळ आत जाईना. हमालांनी गुडघा लावून दाबून पाहिलं, पुठ्ठा चेपायला लागला. टेप लावली तर खोका बाहेरून 41×31×27 निघाला. आमचा खोकेवाला माप आतलं सांगतो. पाच प्लायची भिंत दोन्ही बाजूंनी मिळून सेंटिमीटरभर खाते आणि वर-खाली झाकणाच्या पट्ट्या एकावर एक येतात, म्हणून उंची जास्तच वाढते. पाच वेळा 41 अधिक 31 म्हणजे 236. एका सेंटिमीटरने अख्खी ओळ गेली. नववा थर 243 वर पोचत होता, छत 239 वर. मुकादमाने तिथेच ओळी बदलल्या: एका ओळीत 18, सहा ओळींत 14-14, थरात 102. आठ थर, 816. उरलेले खोके एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून पाठवले, त्याचं भाडं ॲपच्या दोन वर्षांच्या वर्गणीपेक्षा जास्त पडलं.

चूक मापाची होती, हे मान्य. पण लांबी, रुंदी, उंची विचारताना 'बाहेरून मोजा' एवढे दोन शब्द लिहायला काय जातं? फुगवट्यासाठी रकानाही नाही. पाकिटं भरल्यावर खोक्याचं पोट बाहेर येतं, आणि सहा खोके शेजारी लागले की ते साचत जातं. आता मी भरून टेप मारलेले दहा खोके भिंतीला लावून एका ओळीत मोजतो आणि दहाने भागून तो आकडा टाकतो. खोका आडवा पाडण्याची परवानगीही बंद ठेवतो. उभ्या कडेवर पापड तुटतात.

नंतर खोकेवाल्याला 'बाहेरून 40×30×26' असं लिहून दिलं. प्रत्येक खोक्यात एक पाकीट कमी बसतं. नऊ थर 234 वर थांबतात. ऑगस्टच्या कंटेनरमध्ये 981 च्या 981 गेले, दाराशी 19 सेंमी मोकळे राहिले, तिथे हवेची पिशवी फुगवून लावली. तीन तारे.